एक्केचाळीस पानांचा लेखी युक्तिवाद अकरा पानांवर आणताना: एका वाटणीच्या दाव्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

तालुक्याच्या ठिकाणी, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात चाललेला हा वाटणीचा दावा. ओळख पटू नये म्हणून नावे, गाव आणि निशाणी क्रमांक दिलेले नाहीत. काही तपशील थोडे बदलले आहेत. वादी ही बहीण, प्रतिवादी तिचे दोन भाऊ. आम्ही वादीच्या बाजूने होतो.

मिळकत म्हणजे दोन गटांत मिळून नऊ एकर, म्हणजे ३६० गुंठे वडिलोपार्जित शेतजमीन. आई आधीच वारलेली, वडील १९९८ मध्ये वारले. वारस नोंदीच्या वेळी सात-बाऱ्यावर भावांची नावे कब्जेदार म्हणून लागली आणि बहिणीचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात गेले. आपल्याकडे असंख्य उताऱ्यांवर दिसते तसेच. २००१ मध्ये भावांनी तलाठ्याकडे वर्दी दिली की आम्ही आपसात तोंडी वाटणी केली आहे. त्यावरून फेरफार झाला आणि एकेक गट एकेका भावाच्या नावे लागला. २००३ मध्ये थोरल्या भावाने त्याच्या नावावरच्या गटातले २० गुंठे नोंदणीकृत खरेदीखताने एका त्रयस्थाला विकले. बहिणीने २०१६ मध्ये दावा लावला आणि एक तृतीयांश हिस्सा मागितला.

भावांनी २०१७ मध्ये कैफियत दिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वडील हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपूर्वी वारले, त्यामुळे ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’, (२०१६) २ एससीसी ३६ या निर्णयाप्रमाणे मुलीला सहदायाद म्हणून, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच, हक्क नाही. वाटणी २००१ मध्येच झाली आहे. दावाही मुदतीबाहेर आहे. त्या दिवशी फुलवतीचा मुद्दा बरोबर होता. ‘हयात सहदायादाची हयात मुलगी’ अशी अट त्या निर्णयाने घातली होती आणि आमच्या वादीचे वडील तर केव्हाच गेले होते.

दावा अंतिम सुनावणीला आला तो २०२३ मध्ये. मधल्या काळात, ११ ऑगस्ट २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’, (२०२०) ९ एससीसी १ हा निर्णय दिला. मुलीचा हक्क जन्मानेच आहे, म्हणून दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची गरज नाही, असे त्यात ठरले आणि फुलवती रद्दबातल ठरला.

या फरकाचे मोल जमिनीतच मोजून दाखवता येते. जुन्या कायद्याप्रमाणे वडील आणि दोन मुलगे असे तीन सहदायाद होते. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी काल्पनिक वाटणी धरली, तर त्यांचा वाटा एक तृतीयांश, आणि त्यात तीन वारस. म्हणजे बहिणीला एक नवमांश, ४० गुंठे, एक एकर. दुरुस्त कायद्याप्रमाणे तिला एक तृतीयांश, १२० गुंठे, तीन एकर.

अडचण

न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना तोंडी युक्तिवादासाठी अर्धा-अर्धा तास दिला आणि त्याच तारखेला लेखी युक्तिवाद द्यायला सांगितले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम २ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने आलेली तरतूद अशी आहे की लेखी युक्तिवाद तोंडी युक्तिवाद संपण्यापूर्वी द्यायचा, तो थोडक्यात आणि वेगवेगळ्या शीर्षकांखाली मांडायचा, आणि त्याची प्रत त्याच वेळी विरुद्ध पक्षाला द्यायची. तो लिहिण्यासाठी तारीख वाढवून मागायची सोय जवळजवळ नाहीच, कारण तहकुबी द्यायची तर न्यायालयाला लेखी कारणे नोंदवावी लागतात.

आमच्या सहकारी वकिलांनी तयार केलेला मसुदा ४१ पानांचा होता आणि त्यात २३ निवाडे होते. मेहनत खूप होती. पण पहिली नऊ पाने दावा आणि कैफियत यांचा गोषवारा, पुढची बारा-तेरा पाने उलटतपासातले उतारे जसेच्या तसे, आणि मग निवाड्यांची रांग. वादीला नेमका किती हिस्सा मागायचा आहे आणि का, हे पान २७ वर पहिल्यांदा येत होते.

लांबी ही त्यातली लहान अडचण. ज्येष्ठ वकीलसाहेबांनी निवाडे एकेक करून मूळ पाठाशी ताडून पाहायला लावले, तेव्हा खऱ्या अडचणी वर आल्या.

मसुद्याचा मुख्य आधार ‘दनम्मा विरुद्ध अमर’, (२०१८) ३ एससीसी ३४३ होता. त्यात वडील २००१ मध्ये वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला होता, म्हणून वस्तुस्थिती आमच्याशी जुळत होती. पण दनम्मामध्ये फुलवतीला योग्यच म्हटले होते, आणि त्या मर्यादेत विनीता शर्माने दनम्मालाही अंशतः रद्द केले आहे. मसुद्यात याचा उल्लेख नव्हता.

विनीता शर्मामधला एक लांबलचक उतारा अवतरण चिन्हांत दिला होता. मूळ निर्णय उघडल्यावर दिसले की तो भाग न्यायालयाने केंद्र सरकारच्या वतीने झालेला युक्तिवाद नोंदवताना लिहिला आहे. न्यायालयाचे स्वतःचे मत पुढे, वेगळ्या शब्दांत आहे. मोठ्या निर्णयांत हे फार सहज घडते. शोधपेटीत शब्द टाकला की परिच्छेद सापडतो, पण तो कोणाच्या तोंडचा आहे हे कळायला वर चार-पाच पाने जावे लागते.

परिच्छेद क्रमांकांचाही घोळ होता. विनीता शर्माचे निष्कर्ष न्यायालयाच्या संकेतस्थळावरील प्रतीत परिच्छेद १२९ मध्ये आहेत, तर एससीसीच्या छापील अहवालात १३७ मध्ये. मसुद्यात संदर्भ एससीसीचा आणि परिच्छेद दुसऱ्या प्रतीचा अशी सरमिसळ झाली होती. न्यायाधीशांनी छापील खंड उघडून १२९ काढला असता, तर तिथे भलताच मजकूर मिळाला असता.

आणि सर्वांत गंभीर अडचण त्याच निष्कर्षांच्या शेवटच्या उपपरिच्छेदात होती.

विरोधात जाणारा आधार

हिंदू उत्तराधिकार कायद्याचे दुरुस्त कलम ६(५) म्हणते की २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटणीला हे कलम लागू नाही. वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी, असे स्पष्टीकरण त्याखाली आहे. आमच्या भावांकडे यातले काहीच नव्हते. मसुदा इथेच थांबत होता: दस्त नाही, हुकूमनामा नाही, म्हणून वाटणी नाही.

पण विनीता शर्माने एक अपवाद ठेवला आहे. तोंडी वाटणीला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि हुकूमनाम्याने झाल्यासारखी ती शेवटास गेलेली दिसत असेल, तर अपवादात्मक प्रकरणात ती मान्य करता येईल. केवळ तोंडी पुराव्यावर मात्र ती फेटाळायचीच. भावांकडे २००१ चा प्रमाणित फेरफार होता. २० डिसेंबर २००४ च्या साडेतीन वर्षे आधीचा.

मसुद्यात यावर एकच वाक्य होते: फेरफार हा सार्वजनिक दस्तऐवज नाही. हे टिकणारे नव्हते. महसूल अधिकाऱ्याने कायद्याने ठेवलेल्या नोंदवहीतली ती नोंद आहे आणि तिची प्रमाणित प्रत मिळते. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अशी प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते.

मसुद्याचा दुसरा भर होता तो थोरल्या भावाच्या उलटतपासातल्या कबुलीवर: ‘वाटणीच्या वेळी बहिणीला बोलावले नव्हते.’ ऐकायला हे निर्णायक वाटते. पण २००१ मध्ये अमलात असलेल्या कायद्याप्रमाणे बहीण सहदायाद नव्हतीच. राज्याच्या १९९४ च्या दुरुस्तीचाही तिला उपयोग नव्हता, कारण तिचे लग्न १९८९ मध्ये झाले होते आणि २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना ती दुरुस्ती लागू नाही. मग सहदायादांच्या वाटणीला तिला बोलावले नाही यात काय चुकले, असा साधा प्रश्न भावांचे वकील विचारू शकत होते. त्याला मसुद्यात उत्तर नव्हते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गप्प राहण्याचा. भावांनी कैफियतीत तोंडी वाटणी घेतली होती, पण विनीता शर्मातल्या अपवादाचा आधार कुठेच घेतला नव्हता. सहकाऱ्यांनी मोकळेपणाने विचारले, ‘सर, त्यांनी हे काढलंच नाहीये. आपली प्रत त्यांच्या हातात त्याच दिवशी जाणार. आपणच कशाला दाखवायचं?’

वकीलसाहेब म्हणाले, ‘आपण ज्या परिच्छेदाच्या जोरावर उभे आहोत, त्याच परिच्छेदाच्या शेवटी ते आहे. साहेब वरचं वाचून खालचं सोडून देतील का? आणि त्यांनी ते आपल्याशिवाय वाचलं, तर त्याचं उत्तर कोण देणार?’

माझ्या मते या प्रकरणात दुसरे उत्तर असूच शकत नव्हते, आणि ते केवळ डावपेच म्हणून नाही. वकील हा न्यायालयाचा अधिकारी आहे. ‘डी. पी. चढ्ढा विरुद्ध त्रियुगी नारायण मिश्रा’, (२००१) २ एससीसी २२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाची दिशाभूल होऊ न देण्याची वकिलाची जबाबदारी स्पष्ट शब्दांत मांडली आहे. एकाच निर्णयातले आपल्याला हवे तेवढे दाखवून बाकीचे झाकणे ही दिशाभूलच आहे.

दुसरा पर्याय होता अपवादाचा उल्लेख तळटिपेत करून पुढे जाण्याचा. तोही सोडला. जिथे हरण्याची शक्यता सर्वांत जास्त, तो मुद्दा तळटिपेत ठेवला तर न्यायाधीशाला वाटते की यांच्याकडे उत्तर नाही.

तिसरा पर्याय स्वीकारला: अपवाद ठळकपणे मांडायचा, फेरफार सार्वजनिक दस्तऐवज आहे हे मान्य करायचे, आणि अपवादाच्या दुसऱ्या अटीवर उभे राहायचे. ती अट म्हणजे वाटणी हुकूमनाम्यासारखी शेवटास गेलेली दिसली पाहिजे.

त्याबरोबर २००३ च्या विक्रीचाही निर्णय करायचा होता. मसुद्यात ते खरेदीखतही वादीवर बंधनकारक नाही असा मुद्दा होता. पण कलम ६(१) च्या परंतुकाने २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या हस्तांतरणाला संरक्षण दिले आहे. तो मुद्दा सोडून द्यायचे ठरले.

काय केले

मुद्दा सोडायचा म्हणून खरेदीखत पुन्हा वाचले, आणि त्यातच अपवादाचे उत्तर सापडले. थोरल्या भावाने विकलेल्या त्या २० गुंठ्यांच्या दस्तावर धाकट्या भावाची सही ‘संमती देणार’ म्हणून होती. मजकुरात जमिनीचे वर्णन ‘आमच्या एकत्र कुटुंबाची मिळकत’ असे होते. २००१ मध्ये वाटणी होऊन तो गट एकट्या थोरल्याचा झाला असेल, तर २००३ मध्ये धाकट्याची संमती कशाला लागली? विक्रीला आव्हान देत राहिलो असतो, तर त्याच दस्तावर विसंबून राहणे अवघड गेले असते. विक्री मान्य केल्याने तो दस्त आमचा पुरावा झाला.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी नोंदीवर आधीच होत्या. सोसायटीचे २००२ चे पीककर्ज दोन्ही गटांवर दोघा भावांनी मिळून घेतले होते. आणि फेरफार केवळ वर्दीवरून झाला होता. मोजणी नव्हती, महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांचा वाटपाचा आदेशही नव्हता.

‘बोलावले नव्हते’ ही कबुली काढून टाकली नाही, तिची जागा बदलली. बहीण २००१ मध्ये सहदायाद नव्हती हे लिहून मान्य केले. पण वडिलांच्या वाट्यात ती त्या दिवशीही वारस होती आणि ‘इतर हक्का’त तिचे नाव भावांच्या डोळ्यांसमोर होते. तिचा निर्विवाद एक नवमांश बाजूला न काढता सगळी नऊ एकर दोघांत वाटली, तर ती वाटणी जुन्या कायद्यानेही पुरी झालेली नव्हती. कबुली हे सिद्ध करते. त्याहून जास्त काही नाही, आणि लिहितानाही त्याहून जास्त दावा केला नाही.

मग कात्री चालवली. रचना न्यायालयाने काढलेल्या वाद मुद्द्यांप्रमाणे ठेवली, कारण निकालपत्र त्याच क्रमाने लिहिले जाते. पहिल्या अर्ध्या पानात फक्त मागणी आणि आकडे: १२० गुंठे का, आणि न्यायालयाला विनीता शर्मानंतरची स्थिती लागू करायची नसेल तर किमान ४० गुंठे का. दावा-कैफियतीचा गोषवारा पूर्ण काढला. न्यायाधीशांसमोर कागद आहेतच. उलटतपासाच्या उताऱ्यांऐवजी एकेका ओळीत कबुलीचा आशय, निशाणी क्रमांक आणि परिच्छेद दिला. १९९४ च्या दुरुस्तीवरची दोन पाने एका वाक्यावर आली.

निवाडे २३ वरून पाच झाले. विनीता शर्मा, कारण सगळे त्यावर उभे आहे. फुलवती आणि दनम्मा, पण फक्त त्यांची आजची स्थिती सांगण्यापुरते: पहिला रद्द, दुसरा अंशतः रद्द. ‘बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग’, (१९९७) ७ एससीसी १३७, कारण फेरफाराने मालकी निर्माण होत नाही किंवा संपत नाही हे त्यात थेट आहे. मुदतीच्या मुद्द्यावर ‘पी. लक्ष्मी रेड्डी विरुद्ध एल. लक्ष्मी रेड्डी’, एआयआर १९५७ एससी ३१४: एका सहमालकाचा नुसता ताबा दुसऱ्याविरुद्ध प्रतिकूल ठरत नाही, हक्क नाकारल्याचे दुसऱ्याला समजलेले असले पाहिजे. एकाच तत्त्वावर सहा निवाडे होते तिथे सर्वांत जुळणारा एक ठेवला.

प्रत्येक निवाडा दोघांनी वेगवेगळा तपासला. पूर्ण निर्णय वाचायचा, शीर्षटीप नाही. अवतरण न्यायालयाचेच आहे ना, परिच्छेद ज्या अहवालाचा संदर्भ दिला त्याचाच आहे ना, खंडपीठ किती न्यायमूर्तींचे, आणि नंतरच्या कोणत्या निर्णयाने त्याला धक्का लावला आहे का. विनीता शर्मासाठी दोन्ही परिच्छेद क्रमांक लिहिले आणि निष्कर्षांचे ते पान पूर्ण, अपवादासकट, जोडले. अपवादासाठी स्वतंत्र शीर्षक दिले: ‘वादीच्या विरोधात वाचता येईल असा भाग’. त्याखाली सव्वा पान. सगळ्या अकरा पानांत सर्वांत जास्त वेळ या सव्वा पानावर गेला.

वादीलाही हे समजावून सांगावे लागले. विक्री सोडून द्यायची म्हटल्यावर ताईंचा चेहरा उतरला. पण विकलेले २० गुंठे थोरल्या भावाच्याच १२० गुंठ्यांत धरावेत अशी मागणी आपण करतो आहोत, तुमचे तीन एकर त्याने कमी होत नाहीत, हे कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांनी होकार दिला. मुद्दा सोडण्याबाबत त्यांची लेखी संमती फाइलला लावून ठेवली.

निकाल

तोंडी युक्तिवादात न्यायाधीशांचा दुसराच प्रश्न अपवादाबद्दल आला. भावांच्या वकिलांनीही आमची प्रत हातात पडताच तोच धागा धरला आणि फेरफारावर भर दिला. वकीलसाहेबांनी खरेदीखतातली ‘संमती देणार’ची सही आणि कर्जाची नोंद दाखवली. भावांच्या बाजूने खुलासा आला की खरेदीदाराने खबरदारी म्हणून सही मागितली असेल. तसे घडलेही असेल, कारण खरेदीदार अशा सह्या घेतात. पण ते सांगणारा साक्षीदार नोंदीवर नव्हता, आणि ‘एकत्र कुटुंबाची मिळकत’ या शब्दांना उत्तर नव्हते.

न्यायालयाने तोंडी वाटणी सिद्ध झाली नाही असे ठरवून बहिणीच्या एक तृतीयांश हिश्श्याचा प्राथमिक हुकूमनामा केला. विक्री कायम ठेवून ते २० गुंठे थोरल्या भावाच्या हिश्श्यात धरायला सांगितले. शेतजमीन असल्याने प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवले. निकालपत्रात अपवादाचा विचार दोन पानभर आहे. फेरफार सार्वजनिक दस्तऐवज आहे, पण वाटणी शेवटास गेल्याचे तो दाखवत नाही, असा निष्कर्ष त्यात आहे. भावांनी जिल्हा न्यायालयात अपील केले आणि ते प्रलंबित आहे.

वेगळे काय करता आले असते

अपिलात पहिला हल्ला पुन्हा त्या फेरफारावर होणार, आणि तिथे आमची नोंद हवी तितकी भक्कम नाही. तहसील कार्यालयातला मूळ वर्दी अर्ज आणि महसूल संहितेच्या कलम १५०(२) प्रमाणे हितसंबंधितांना द्यायच्या नोटिसांची फाइल पुराव्याच्या टप्प्यावर मागवता आली असती. ‘इतर हक्का’त नाव असलेल्या बहिणीला नोटीस गेली नव्हती हे त्या फाइलवरून दाखवता आले असते, तर कलम १५७ चे गृहीतक तिथेच हलले असते. लेखी युक्तिवादात नवा पुरावा आणता येत नाही. म्हणून तिथे फक्त ‘नोटीस दिल्याचा पुरावा प्रतिवादींनी दिलेला नाही’ एवढेच लिहिता आले.

विनीता शर्माचा निर्णय आला तेव्हा या दाव्यात प्रतिवादींचा पुरावा अजून सुरू व्हायचा होता. त्या वेळी अपवादावरचे सव्वा पान लिहून ठेवले असते, तर उलटतपासात धाकट्या भावाला सहीबद्दल थेट विचारता आले असते. आता आमच्याकडे दस्तातली सही आहे, पण त्या सहीबद्दल त्याच्या तोंडचे एकही वाक्य नाही.

पर्यायी ४० गुंठ्यांची मागणी पहिल्याच पानावर ठेवण्याबद्दल आमच्यात अजून दुमत आहे. सहकाऱ्यांना वाटते की त्याने मुख्य मागणी पातळ होते. मला ती ठेवणे योग्य वाटते, कारण अपिलात तोंडी वाटणी मान्य झाली तरी वडिलांच्या वाट्यातला तिचा वारसा वेगळा उभा राहतो, आणि तो मुद्दा खालच्या न्यायालयात घेतलाच नाही असे कोणाला म्हणता येणार नाही. मात्र त्याची जागा बदलता आली असती: मागणीच्या आकड्यांत नव्हे, तर तोंडी वाटणीच्या मुद्द्याच्या शेवटी. अपिलातल्या टिपणात तो तिथे घेतला आहे.